मदत हवी आहे: लग्नाच्या इमिटेशन सेटच्या माहितीत वजन, हूक आणि नथीचा प्रकार कसा लिहावा? दोन सेट परत आलेत

दारव्ह्याची_शुभांगी

नमस्कार. माझं गाव दारव्ह्यापासून जवळच आहे. नागपूरच्या इतवारीतून माल आणते आणि फोटो टाकून फोनवर ऑर्डर घेते. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे मागणी सुरू होते. यंदा पंधरा सेट गेले, त्यातले दोन परत आले. दोन्ही वेळा चूक माझ्याच माहितीत होती असं वाटतंय, म्हणून विचारते.

सेटमध्ये चार वस्तू आहेत: तुशी, लांब लक्ष्मीहार, झुमके आणि मोत्यांची नथ. किंमत 1450 रुपये. मी लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते:

"पारंपरिक नवरी सेट, नथ सोबत. वजन 430 ग्रॅम. एक ग्रॅम गोल्ड. काळं पडणार नाही, 6 महिने गॅरंटी."

पहिल्या घरी नवरीचं नाक टोचलेलं नव्हतं आणि मी पाठवलेली नथ तारेची निघाली. हळदीच्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं. नवरीच्या मामीने तार दाबून नाकपुडीला अडकवायचा प्रयत्न केला, तर आतल्या बाजूला खरचटून रक्त आलं. मला फोन आला तेव्हा ती पोरगी मागे रडत होती. ते रडणं अजून कानात आहे.

दुसरा सेट महिन्याभराने परत आला. तुशीची मागची बाजू काळी पडली होती आणि हाराच्या हुकाजवळ हिरवट डाग होते. त्या ताईंनी सेट कापसात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. शिवाय "430 ग्रॅम गळ्यात कसं पेलायचं" म्हणून तीन जणींनी ऑर्डरच दिली नाही.

तर वजन कोणतं लिहायचं, नथीबद्दल काय काय सांगायचं आणि काळं पडण्याबद्दल खरं काय लिहायचं? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

वर्धेकर_काका

ताई, वजन आणि एक ग्रॅम हे दोन्ही ठळक लिहा. सेटमध्ये एक ग्रॅम सोनं आहे हे कळलं की गिऱ्हाईक भाव करत नाही. काळेपणाचं म्हणाल तर टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासा. आमच्या घरची पितळी समई अशीच लखलखते. चिंचेनेही निघतं.

पटवेकाम_सतरा_वर्षं

काका, समई पितळेची असते, तिथे तुमचा उपाय बरोबर आहे. घासली की खालून पितळच निघतं. या सेटवर मात्र वरचा सोनेरी थर फार पातळ असतो. टूथपेस्ट घासून तो थर काढते, चिंच आंबटपणाने खाते. एकदा लखलखेल, आठ दिवसांनी दुप्पट काळं पडेल. आणि "एक ग्रॅम" हे या मालाचं बाजारातलं नाव आहे, सोन्याचं माप नव्हे. आज एका ग्रॅम सोन्याचा भाव शुभांगीताईंच्या अख्ख्या सेटच्या कितीतरी पट आहे, मग 1450 रुपयांत ते येणार कुठून? "पितळेवर सोनेरी मुलामा" असं लिहा. उद्या कुणी सेट घेऊन सराफाकडे गेलं तरी तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही.

शुभांगीताई, आधी एक सांगा. 430 ग्रॅम तुम्ही कशावर मोजले?

दारव्ह्याची_शुभांगी

कुरिअरवाल्याच्या काट्यावर. डब्यासकट.

पटवेकाम_सतरा_वर्षं

तिथेच गडबड झाली. मखमली डबा, पुठ्ठा आणि गुंडाळलेला कागद यांचं वजन नवरीच्या गळ्यात पडत नाही. प्रत्येक वस्तू वेगळी मोजा. आणि नथ एकटी मोजू नका. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, त्याच्यावर हलक्या वस्तूचा आकडा भरवशाचा येत नाही. एकाच नमुन्याच्या दहा नथी एकदम ठेवा आणि दहाने भागा.

दारव्ह्याची_शुभांगी

आत्ताच मोजलं. तुशी 38, हार 92, झुमक्यांची जोडी 24. दहा नथी 47 भरल्या, म्हणजे एक पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. सगळं मिळून 160 पण होत नाही! आणि मी 430 लिहून बायांना घाबरवत बसले.

आर्णीची_सून

मी माहं सांगतो. माहं नाक टोचेल हाय, पण भोक बारीक, चमकीपुरतं. लग्नात नथ आनली तिची तार जाडी. सासूबाईनं तेल लावून घातली, पन संध्याकाळपर्यंत नाक टम्म सुजलं. तर नुसतं "टोचलेल्या नाकासाठी" लिहून भागत नाही बाई, तार किती जाडी ते बी लिवा.

पटवेकाम_सतरा_वर्षं

आर्णीच्या ताईंचं अगदी बरोबर आहे, हे कुणी लिहीत नाही. रोजच्या चमकीची दांडी साधारण 0.8 मिलिमीटर असते, नथीची तार बहुतेकदा 1 मिलिमीटर किंवा त्याहून जाड. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण बारीक भोकाला तो सोसत नाही. तार मोजायला साधन नसेल तर त्याच तारेचे दहा छोटे तुकडे शेजारी शेजारी चिकटून ठेवा आणि पट्टीने मोजा. दहा तुकडे 1 सेंटिमीटर भरले तर तार 1 मिलिमीटरची. यासाठी तुटकी, टाकाऊ नथ घ्या, चांगली तोडू नका.

न टोचलेल्या नाकासाठी दाबाची नथ असते, काही ठिकाणी तिला चापाची किंवा प्रेसची म्हणतात. तिची चाचणी तुम्ही घरीच घ्या. स्वतःच्या नाकाला लावा, मान खाली घालून दहा मिनिटं भाजी निवडा. नथ सरकली तर दाब ढिला आहे, नाकपुडी पांढरी पडली तर जास्त आहे. दाब कमीजास्त करायचा तर बोटांनी, एकदाच आणि हळू. पक्कडीने पुन्हा पुन्हा वाकवली की पितळ कडक होत जातं आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी कटकन तुटतं.

फोटोत नथीची मागची बाजू दाखवाच. पुढून तारेची आणि दाबाची सारखीच दिसते. आणि ही नथ डाव्या नाकपुडीची आहे हेही लिहा. नक्षीचा कल एकाच बाजूला असतो, उजवीकडे घातली तर ती उलटी दिसते.

मेहकर_लगीनघर

माझ्या बहिणीचं लग्न 3 मे ला आहे. सेट भाड्याने मिळेल का? दोन दिवसांचं भाडं किती? डिपॉझिट लागेल का?

दारव्ह्याची_शुभांगी

दादा, मी भाड्याने देत नाही. पण बहिणीचं नाक टोचलेलं आहे का ते कुठूनही घेताना आधी सांगा. मे महिन्यातलं लग्न आहे, घामाने दाबाची नथ सरकते. केसात अडकवायची साखळी असलेलीच घ्या.

अंजनगाव_बांगडीवाला

शुभांगीताई, नथीचं समजलं, पण हाराच्या हुकाकडे बघा. माझ्या दुकानात नथीपेक्षा जास्त तक्रारी हार सुटल्याच्या येतात. हूक धड असतो, त्याला जोडलेली गोल कडी उघडते. त्या कडीला सांधा असतो, त्या फटीतून शिवणाचा दोरा ओढून पाहा. दोरा निसटून बाहेर आला तर हारही निसटणार. 92 ग्रॅमच्या हाराला असली कडी नको. मी हार खिळ्याला टांगतो, त्यात अजून तेवढ्याच वजनाचा दुसरा हार अडकवतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी कडी तोंड उघडून बसलेली दिसली की बदलतो.

तुशीला सरकत्या गोंड्याची दोरी असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. काही लाल दोऱ्यांचा रंग घामाने ब्लाऊजला लागतो.

पण एक विचारतो. "काळं पडणार नाही" हे काढून टाकलं तर धंदा कसा होईल? सगळेच तसं लिहितात.

पटवेकाम_सतरा_वर्षं

दोऱ्याची युक्ती चांगली आहे. पण गॅरंटीवर माझं मत ठाम आहे. सहा महिने हा आकडा घाऊकवाल्याने दिला, तो घामाचा, अत्तराचा आणि पेटीचा विचार न करता दिला. काळेपणाची सुरुवात जिथे थर घासला जातो तिथून होते: तुशीची मागची बाजू आणि हूक. घामातलं मीठ आणि हवेतला ओलावा तिथून पितळेपर्यंत पोचतो. हिरवट डाग म्हणजे पितळेतलं तांबं बाहेर आलं. त्या ताईंचा कापूस घामाचा ओलावा धरून बसला आणि बंद पेटीत तो महिनाभर तिथेच राहिला. सेट वाईट असेलच असं नाही.

अंजनगाव_बांगडीवाला

कापूस तर घाऊकवालेच देतात डब्यात. आणि गॅरंटी न लिहिणाऱ्याकडे गिऱ्हाईक थांबत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. मी "3 महिने, न वापरता" लिहितो.

पटवेकाम_सतरा_वर्षं

न वापरता लग्नाचा सेट घेईल कोण, भाऊ? लिहायचंच तर ठेवायचं कसं ते लिहा. अत्तर, स्प्रे, क्रीम सगळं आधी, दागिने शेवटी. काढल्यावर मऊ कोरड्या सुती फडक्याने पुसायचं, अर्धा तास पंख्याखाली ठेवायचं, मग प्रत्येक वस्तू वेगळ्या चेनच्या प्लास्टिक पिशवीत हवा दाबून काढून ठेवायची. औषधाच्या डब्यात मिळते ती ओलावा शोषणारी पुडी सोबत टाकली तर उत्तम. हळदीच्या दिवशी सेट घालायचाच नाही, मोत्यांच्या भोकात आणि दोरीत पिवळेपणा बसतो तो निघत नाही.

आर्णीची_सून

नाकात कानात खाज येते त्याचं का? मले झुमके घातले की दुसऱ्या दिवशी कान लाल. पारदर्शक नेलपॉलिश लावा म्हनते कोनी.

पटवेकाम_सतरा_वर्षं

बऱ्याच मालात मुलाम्याखाली निकेलचा थर असतो, काहींना तो सोसत नाही. नेलपॉलिशने थोडे तास निभतं, मग पापुद्रे निघतात. नाकातल्या तारेला मी तो उपाय सांगणार नाही. कान चिघळत असतील तर डॉक्टरला दाखवा.

दारव्ह्याची_शुभांगी

सगळ्यांचे आभार. आता असं लिहिलंय, तपासून सांगा:

"पितळेवर सोनेरी मुलामा, इमिटेशन. तुशी 38 ग्रॅम, सरकत्या गोंड्याची दोरी. लक्ष्मीहार 92 ग्रॅम, हूक आणि मागे साखळी. झुमके जोडी 24 ग्रॅम, टोचलेल्या कानासाठी. नथ पावणेपाच ग्रॅम, डाव्या नाकपुडीची. ऑर्डर देताना सांगा: नाक टोचलेलं (तार 1 मिलिमीटर) की दाबाची. नथ, हूक आणि दोरी यांचे मागच्या बाजूचे फोटो सोबत. घाम आणि अत्तराने रंग उतरतो, ठेवण्याची पद्धत डब्यात लिहून दिली आहे."

गॅरंटी काढली. बांगडीवाले दादांचं म्हणणं पटतंय, चार ऑर्डरी जातीलही. पण काळं पडल्यावर काय द्यायचं ते अजून ठरत नाही: पैसे परत, की पुन्हा मुलामा?

पटवेकाम_सतरा_वर्षं

पुन्हा मुलामा द्यायचा तर मोती, खडे, दोरी सगळं उतरवावं लागतं, आम्लाच्या पाण्यात ती टिकत नाहीत. 38 ग्रॅमच्या तुशीला मजुरीच जास्त बसेल. नमुन्यात एक भर घाला: झुमके एका कानाला 12 ग्रॅम होतात. कानवेल सोबत नसेल तर तसं लिहा, भोक ओढलं जातं.

दारव्ह्याची_शुभांगी

कानवेल नाही सेटमध्ये. घालते ही ओळ. आणि त्या पहिल्या नवरीला दाबाची नथ पाठवली आहे, पूजेसाठी म्हणून. पैसे घेतले नाहीत.