गाळलेला शब्द नेमका कोणता असावा?

> "सांगलीत बदलून आलेल्या हिंदीभाषक सहकाऱ्यांना गाण्यांतून मराठी शिकवतोय. गाळलेल्या जागा बरोबर भरतात, पण बोलताना पुन्हा चुकतात."

जागा गाळताना दर चौथा-पाचवा शब्द उडवू नका. एका वेळी एकच गोष्ट गाळा. मी सामान्यरूपं घेते, कारण हिंदीभाषकांची गाडी तिथेच अडते. समजा ओळ आहे, 'कृष्णेच्या काठावर वडाच्या सावलीला'. त्यात 'काठावर' गाळायचं आणि कंसात 'काठ' द्यायचं. गाणं ऐकवण्याआधी भरायला सांगा, मग ऐकून तपासू द्या. 'काठवर' लिहिणारा स्वतःच्या कानानं चूक पकडतो, आणि ती लक्षात राहते. पाठांतरावर भरतायत अशी शंका आली, तर त्याच चालीत 'घाट' किंवा 'रस्ता' घालायला लावा. 'घाटावर', 'रस्त्यावर' आपसूक आलं तर नियम बसला.

उच्चारासाठी लगेच गायला लावू नका. आधी ओळ तालावर नुसती म्हणा, मग गाणं ०.७५ वेगानं लावून सोबत गा. 'ळ'साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लागलं पाहिजे. तपासायचं तर पाठ फिरवून उभे राहा आणि त्यांना 'वेल-वेळ', 'गाल-गाळ' यातला एकेक शब्द म्हणू द्या. कोणता म्हटला ते तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. गाताना बहुतेकांचा 'ळ' जमतो, बोलताना परत 'ल' होतो, म्हणून गाणं संपताच तीच ओळ बोलायला लावा.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र गाण्यावरून शिकवू नका, चालीसाठी स्वर हवे तसे ताणलेले असतात.