मदत हवी आहे: डिलिव्हरीवाला दर वेळी मागच्या भिंतीपाशी पोचतो

वाघोलीत नव्या सोसायटीत राहायला येऊन पंधरा दिवस झाले. डिलिव्हरीवाले दादा हमखास मागच्या गल्लीत जाऊन फोन करतात. तिथे नुसती भिंत, गेट नाही! घरात बसून करंट लोकेशन घेतलं की मॅप इमारतीला जवळचा रस्ता धरतो, हे उशिरा कळलं.

काल गेटवर उभी राहून अ‍ॅपमधली पिन हाताने सरकवली, सोबत लिहिलं, ‘पिठाच्या गिरणीसमोरून डावीकडे, तिसरं निळं गेट’. जेवण बरोबर आलं. कुरिअरवाला मात्र पुन्हा भिंतीपाशीच. कुरिअरला पिन जात नाही, फक्त लिहिलेला पत्ता जातो का? मग पत्त्यातच गेटचा प्लस कोड, म्हणजे गूगल मॅपवर दिसणारा त्या जागेचा छोटा कोड, लिहिला तर कुरिअरवाले तो बघतात का? कुणी करून पाहिलंय?