एजन्सी सोडल्यावरचं कमिशन

"कलाकारांचं काम बघणाऱ्या एजन्सीतून नोटीस देऊन बाहेर पडलो, आता करार कायद्याचं कलम २७ लागू, म्हणजे काम-धंद्यावर बंधन घालणारी अट रद्द, मग जुन्या कामांचं कमिशन कशाला द्यायचं?"

नाही, इथे गल्लत होतेय. झहीर खानच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ ला एवढंच म्हटलं की करार संपल्यावर नवी ऑफर आधी जुन्या एजन्सीला दाखवायची अट चालणार नाही, म्हणजे नवीन मॅनेजर धरायला तुम्ही मोकळे. पण करार चालू असताना त्यांनी मिळवून दिलेल्या कामाचं कमिशन हा वेगळा विषय आहे, ते करारात लिहिलं असेल तर द्यावंच लागतं.

माझी बहीण मालिकांमध्ये काम करते, तिचंच सांगतो. एका ब्रँडचे ६ लाख तीन हप्त्यांत यायचे होते आणि पहिला आल्यावर तिने एजन्सी सोडली, तर उरलेल्या ४ लाखांवर २० टक्के म्हणजे ८० हजार तिने दिले, कारण सही आधीच झाली होती. पुढच्या वर्षी त्याच ब्रँडने थेट तिच्याशी रिन्यू केलं तेव्हा एजन्सीने त्यावरही मागितलं, पण करारात रिन्यूअलचा शब्दच नव्हता, आणि मुख्य म्हणजे बाहेर पडतानाच तिने मेलवर यादी पाठवून होकार घेतलेला, कुठलं काम, सही कधीची, किती हप्ते बाकी, 'याशिवाय काही देणं नाही'. तो मेल दाखवल्यावर मागणी थांबली. तुमच्या करारात 'रिन्यूअल' किंवा 'एक्स्टेन्शन' असेल तर मात्र ते किती महिने लागू आहे ते आधी बघा.