मदत हवी आहे: डिस्कशनमध्ये इंग्रजी एकतर फार ठाम होतं, नाहीतर फार बुळबुळीत

तिसरीवाली

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एमएस्सीला आहे, प्रबंधाचं डिस्कशन लिहितेय. विषय तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीत मिळणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांचा. एका खाडीत चार ठिकाणी सुकतीला चौकट टाकून तिसऱ्या मोजल्या, नोव्हेंबर ते मे. दोन ठिकाणी वाळूउपसा चालतो, दोन ठिकाणी नाही. उपशाच्या ठिकाणी चौरस मीटरला सरासरी 11 मिळाल्या, बाकीच्या दोन ठिकाणी 34. फरक सांख्यिकी चाचणीत टिकला. शिंपल्यांच्या लांबीत मात्र फरक निघाला नाही.

मी आधी लिहिलं होतं:

'सँड मायनिंग हॅज डिस्ट्रॉइड द क्लॅम पॉप्युलेशन ऑफ कोकण क्रीक्स. धिस प्रूव्ह्ज दॅट ड्रेजिंग किल्स यंग क्लॅम्स. देअर इज नो इफेक्ट ऑन शेल लेंग्थ.'

सरांनी तिन्ही वाक्यांखाली रेघ मारून 'टू स्ट्राँग' लिहिलं. मग मी बदललं:

'इट मे पॉसिबली बी सेड दॅट सँड मायनिंग कॅन परहॅप्स अफेक्ट सम क्लॅम्स टू सम एक्स्टेंट.'

त्यावर शेरा आला, 'नाऊ यू आर सेइंग नथिंग.' मराठीत विचार करते तेव्हा मला नेमकं माहीत असतं की कशाची खात्री आहे आणि कशाची नाही. इंग्रजीत उतरवताना ते निसटतं. कुठे सांभाळून लिहायचं आणि कुठे नाही, हे कसं ठरवायचं?

सागर_अलिबाग

सोपं आहे. आयपीसीसीचे हवामान अहवाल बघ. 'लाइकली' म्हणजे 66 टक्क्यांच्या वर, 'व्हेरी लाइकली' म्हणजे 90 च्या वर, 'एक्स्ट्रीमली लाइकली' म्हणजे 95 च्या वर. तुझी चाचणी 95 टक्क्यांवर टिकली ना? मग 'इट इज एक्स्ट्रीमली लाइकली दॅट मायनिंग रिड्यूस्ड क्लॅम्स' लिही आणि मोकळी हो.

मेधा_दापोली

सागर, आकडे बरोबर आहेत, पण ते आयपीसीसीने स्वतःच्या अहवालांपुरते ठरवून, आधी सांगून वापरलेत. इतर ठिकाणी 'लाइकली' वाचणाऱ्याच्या डोक्यात 66 हा आकडा नसतो. शिवाय चाचणीतले 95 टक्के फक्त एवढंच सांगतात की ठिकाणाठिकाणांत काही फरकच नसता, तर एवढी तफावत नुसत्या योगायोगाने क्वचितच दिसली असती. तफावत वाळूउपशामुळे आली की आणखी कशामुळे, यावर ती चाचणी एक अक्षरही बोलत नाही. तुझ्या वाक्यात नेमकी हीच उडी आहे.

तिसरीवाली, मी प्रबंधांचं इंग्रजी तपासायचं काम करते, म्हणून तुझं पहिलं वाक्य सावकाश उकलते. त्यात चार दावे एकाच दोरीला बांधलेत. तिसऱ्या कमी आहेत. त्या वाळूउपशामुळे कमी आहेत. त्या नष्ट झाल्यात. आणि हे कोकणातल्या सगळ्या खाड्यांत झालंय. पहिला दावा तू स्वतः मोजलास, त्याला 'मे', 'परहॅप्स' काहीही लावू नकोस. मोजलेल्या गोष्टीला किंतु लावला की परीक्षकाला वाटतं मोजणीतच घोळ आहे. ते सरळ भूतकाळात लिही: 'मीन डेन्सिटी वॉज लोअर अ‍ॅट द टू ड्रेज्ड साइट्स', आणि पुढे आकडे.

'नष्ट' हा दावा सोडूनच दे. चौरस मीटरला 11 म्हणजे नष्ट नव्हे. शिवाय उपशाच्या आधीचे आकडे तुझ्याकडे नाहीत, त्यामुळे 'घटल्या' असंही म्हणता येत नाही, फक्त 'दुसऱ्या ठिकाणांपेक्षा कमी' म्हणता येतं. इथे क्रियापद सौम्य करून भागत नाही, बदलावंच लागतं. 'कोकणातल्या खाड्या' याला उपाय 'मे' नाही. तिथे व्याप्ती आखडायची: 'इन धिस क्रीक', 'ड्युरिंग द स्टडी पीरियड'. किती जण 'मायनिंग मे अफेक्ट कोकण क्रीक्स' असं लिहून सुटल्यासारखं मानतात, पण खाड्या तेवढ्याच राहतात आणि दावाही तेवढाच मोठा राहतो.

उरला 'मुळे'. खरी शंका तिथे आहे, म्हणून सांभाळून लिहायचं तेही तिथेच. एक सांग, चारही ठिकाणचं पाणी सारखं खारं होतं का?

तिसरीवाली

नाही ताई. उपशाची दोन्ही ठिकाणं खाडीच्या वरच्या अंगाला आहेत. तिथे खारेपणा कमीच मिळाला, नोव्हेंबरात तर बराच कमी. तक्त्यात आकडे आहेत, पण डिस्कशनमध्ये मी ते घेतले नव्हते.

मेधा_दापोली

मग तुझं वाक्य इथेच सापडलं. असं बघ:

'द डिफरन्स मे बी ड्यू, अ‍ॅट लीस्ट इन पार्ट, टू ड्रेजिंग. हाउएव्हर, द ड्रेज्ड साइट्स ऑल्सो हॅड लोअर सॅलिनिटी, अँड अवर डिझाइन कॅनॉट सेपरेट द टू.'

पहिल्या वाक्यात किंतु दोन आहेत, पण ते दोन वेगळ्या शंकांचे. 'मे' कारणाबद्दल बोलतो, 'अ‍ॅट लीस्ट इन पार्ट' त्या कारणाच्या वाट्याबद्दल. तुझ्या दुसऱ्या मसुद्यात 'मे', 'पॉसिबली' आणि 'परहॅप्स' एकाच शंकेवर बसले होते, म्हणून सरांना ते पोकळ वाटलं. शेवटचं 'कॅनॉट सेपरेट' मुद्दाम ठाम ठेवलंय. तुझ्या मांडणीतून दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत, याची तुला पूर्ण खात्री आहे. तिथे 'मे नॉट बी एबल टू' लिहिलंस तर उलट लपवल्यासारखं दिसेल.

1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली त्या छोट्या लेखात त्यांनी लिहिलंय की डीएनएच्या घटकांची ही ठरावीक जोडी 'सजेस्ट्स अ पॉसिबल कॉपीइंग मेकॅनिझम'. 'सजेस्ट्स' पुराव्याचं बळ सांगतो, 'पॉसिबल' त्या यंत्रणेची स्थिती. दोन शब्द, दोन वेगळी कामं.

हापूस_देवगड

मला पण हाच त्रास आहे. साक्यावर, म्हणजे हापूसचा गर आतून खराब होतो त्यावर, एक प्रोजेक्ट रिपोर्ट बँकेला द्यायचाय. उशिरा काढलेला आंबा तापलेल्या जमिनीवर पडून राहिला तर साका वाढतो असं मी लिहिलंय, आणि गवताचं आच्छादन घालून तो कमी होईल असंही. बँकेतले म्हणतात 'विल रिड्यूस' लिहा, कृषीवाले म्हणतात 'मे रिड्यूस' लिहा. मग काय लिहू?

मेधा_दापोली

दादा, तुमचा प्रश्न जरा वेगळा आहे. बँकेला तुम्ही काय करणार ते सांगायचंय, तिथे 'वी विल मल्च' ठामच हवं. साका किती कमी होईल हा मात्र अंदाज आहे, तो 'वी एक्स्पेक्ट' ने लिहा. तुमचं काम आणि निसर्गाचं काम एका क्रियापदात घालू नका. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर बोलू.

प्रसाद_मालवण

माझी भर. आपल्याकडे 'होऊ शकतो' एकच, इंग्रजीत त्याचे दोन होतात. 'ड्रेजिंग कॅन किल यंग क्लॅम्स' म्हणजे अशी क्षमता आहे, हे साधारण ज्ञान झालं, आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या अभ्यासाचा आधार जोडावा लागतो. तुझ्या खाडीत तसं घडलं असेल असं म्हणायचं तर 'मे हॅव किल्ड'. मी पूर्वी सगळीकडे 'कॅन' घालत असे. आणि 'असावा' ला सरळ 'मस्ट हॅव' लिही. 'पाऊस पडला असावा' म्हणजे 'इट मस्ट हॅव रेन्ड', शाळेत तसंच शिकवतात.

मेधा_दापोली

'कॅन' आणि 'मे हॅव' चं अगदी बरोबर. 'असावा' चं मात्र प्रबंधात जपून. आपला 'असावा' खुणा बघून बांधलेला अंदाज आहे, चुकायला जागा ठेवणारा. लेखी इंग्रजीतला 'मस्ट हॅव' परीक्षकाला 'दुसरं काही शक्यच नाही' असा ऐकू येतो. त्या जागी 'प्रॉबेबली' किंवा 'इज लाइकली टू हॅव' जास्त जवळचं.

आता तिसरीवालीच्या बाकीच्या दोन वाक्यांकडे. 'प्रूव्ह्ज' काढून टाक. लहान पिल्लं मरतात हे तू पाहिलेलंच नाहीस, मेलेली मोजली नाहीस, गाळाखालचीही तपासली नाहीस. ही फक्त एक संभाव्य वाट आहे: 'वन पॉसिबल एक्स्प्लनेशन इज दॅट...' आणि लगेच ती कशाने तपासता येईल ते एका ओळीत सांग. लांबीचं वाक्य सगळ्यात धोक्याचं. फरक आढळला नाही आणि फरकच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपशाच्या ठिकाणच्या किती शिंपल्या मोजल्यास?

तिसरीवाली

23. बाकीच्या दोन ठिकाणच्या शंभरावर होत्या.

मेधा_दापोली

मग 'वी फाउंड नो एव्हिडन्स ऑफ अ डिफरन्स इन शेल लेंग्थ, ऑल्दो ओन्ली 23 शेल्स वेअर मेझर्ड अ‍ॅट द ड्रेज्ड साइट्स.' इथे 'मे' ची गरजच नाही. 23 हा आकडाच वाचणाऱ्याला सांगतो की किती भरवसा ठेवायचा.

तिसरीवाली

हे वाचून आता कुठे नीट कळतंय. चारही दावे वेगळ्या कागदावर उतरवून बसलेय. पण एक गोष्ट राहिली. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांशी मी बोलले होते. त्या सांगतात, पंप लागल्यापासून त्या पट्ट्यात तिसरी मिळत नाही. त्या वर्षानुवर्षं तिथे उतरतात, माझ्या चौकटीपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. मी 'लोकल विमेन क्लेम्ड' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली हे खोटं ठरवल्यासारखं वाटतं.

प्रसाद_मालवण

मैत्रीण बरोबर बोलते. 'क्लेम्ड' मध्ये लिहिणाऱ्याचा अविश्वास येतो. 'पॉइंटेड आउट' लिहिलंस तर तू ते खरं धरलंस असं होतं. 'रिपोर्टेड' मधला आहे. आमच्याकडच्या रापणकरांबद्दल मी तोच वापरला.

मेधा_दापोली

शब्द 'रिपोर्टेड'च. माझी अडचण वेगळी आहे. ठरवून मुलाखती घेतल्या असतील, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले असतील, तर ते रिझल्ट्समध्ये जायला हवं. किनाऱ्यावर सहज झालेलं बोलणं असेल तर डिस्कशनमध्ये एकच वाक्य, आणि ते उपशाच्या कारणाचा पुरावा म्हणून वापरू नये.

प्रसाद_मालवण

इथे मला पटत नाही. उपशाच्या आधीची माहिती दुसऱ्या कुणाकडेच नाही, असली तर त्यांच्याकडेच. ती एका वाक्यात दाबली तर 'मे बी ड्यू टू ड्रेजिंग' हे वाक्य आहे त्यापेक्षा कमजोर दिसेल, आणि तेही अचूक नव्हे.

मेधा_दापोली

मुद्दा खरा आहे. पण मग त्यांना पुन्हा भेटून नीट विचारावं लागेल. कोणत्या वर्षापासून, कोणत्या पट्ट्यात, एका सुकतीला किती टोपल्या मिळायच्या. तसं न करता वजन वाढवलं तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.

तिसरीवाली

सरांना विचारते. मे संपत आलाय, पाऊस लागला की त्या खाडीत उतरणार नाहीत, पण घरी भेटतील. टोपल्यांचा हिशोब त्यांना आठवतो का, तेच आधी बघते.