मदत हवी आहे: मणक्याला मार, लघवी आपोआप होते, तरी युरोडायनॅमिक तपासणी कशाला?

रानजाई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय 28. दीड वर्षापूर्वी आंबे काढताना झाडावरून पडला आणि डी-8 मणका मोडला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. दिवसातून पाच वेळा नळी घालून लघवी काढायला त्याला शिकवलं होतं. सहा महिन्यांनी ओटीपोटावर थापट्या मारल्या की लघवी सुटायला लागली. आम्हाला केवढा आनंद झाला! वाटलं, पिशवी परत कामाला लागली. नळी बंद केली, आता कंडोम कॅथेटर लावतो.

गेल्या आठवड्यात सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्यांना थोडी सूज, पिशवीची भिंत जाड, लघवी झाल्यावरही 190 मिली शिल्लक. क्रिएटिनिन 0.7. डॉक्टरांनी युरोडायनॅमिक लिहून दिली आहे. बाबा म्हणतात, रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, मग कशाला खेप? भाऊ म्हणतो, काहीही करा पण परत नळी नको. काय करू?

सातारकर_अण्णा
क्रिएटिनिन 0.7 म्हणजे किडन्या ठणठणीत. लघवी शिल्लक राहते म्हणून सूज आहे. नळी पुन्हा सुरू करा, तीन-चार लिटर पाणी पाजा. तपासणीची गरज वाटत नाही.

मीनल७
माझ्या आईची ही तपासणी झाली होती, शिंकताना लघवी व्हायची म्हणून. दुखत नाही फारसं. तिला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम दिले, बराच फरक पडला. भावालाही करून बघा.

सिस्टर_माई
मीनल, तुमच्या आईंचा त्रास वेगळा. या मुलाचा मेंदू आणि पिशवी यांच्यातला निरोपच तुटलाय, व्यायामाने तो जुळत नाही.

रानजाई, मी अकरा वर्षं युरोडायनॅमिकच्या खोलीत काम केलंय. थापटीने पिशवी आवळते, पण त्याच क्षणी खालचा स्नायूही घट्ट होतो. एरवी तो सैल सोडायचा निरोप वरून येतो, तो आता येत नाही. बंद दारावर पिशवी जोर लावत राहते, म्हणून भिंत जाड झाली. आतला दाब चढलेला राहिला की किडनीतून येणारी लघवी खाली उतरत नाही आणि सूज येते. बाहेरून मात्र लघवी होताना दिसते.

अण्णा, नळीचं तुमचं बरोबर आहे. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि याचे पाय वाळलेत, त्यामुळे 0.7 वर विसंबू नका. चार लिटर पाण्याने पिशवी फक्त लवकर भरेल.

तपासणीत एक बारीक नळी पिशवीत आणि एक गुदद्वारात असते. पहिलीच्या दाबातून दुसरीचा वजा केला की पोटाचा जोर बाजूला होतो आणि पिशवीचा स्वतःचा दाब उरतो. सलाईन हळूहळू सोडत किती मिलीला दाब किती झाला ते बघतात. आधी लघवीचं कल्चर करून घ्या, जंतुसंसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलतात.

चाकांवरचा_मी
माझी इजा डी-4 ला. पिशवी भरताना डोकं ठणकायला लागलं, बीपी 190 वर गेलं, लगेच पिशवी रिकामी केली. डी-6 च्या वर हा धोका जास्त असतो. तुमच्या भावाचा मणका खालचा, तरी बीपी बघत राहायला सांगा.

रानजाई
माई, तपासणी झाली. 100 मिलीला दाब 14, 210 मिलीला 40, आणि 260 ला लघवी गळली तेव्हा 68. खोकल्याने वाढलेला नाही, पिशवीचाच दाब आहे म्हणाले. याचा अर्थ काय?

सिस्टर_माई
हे आकडे सेंटिमीटर पाण्यात असतात. 40 च्या वर दाब गेला की किडन्यांना धोका, हा ठोकताळा एडवर्ड मॅग्वायर यांनी 1981 मध्ये मांडला. तो जन्मजात पाठीचा कणा उघडा राहिलेल्या मुलांवरून आला, म्हणून 38 ला निर्धास्त आणि 42 ला संकट असं नसतं. पण 68 फारच आहे.

आता तुमचीच सोनोग्राफी शेजारी ठेवा. थापटून झाल्यावर 190 शिल्लक, आणि दाब 40 ला पोचतो 210 वर. म्हणजे लघवी झाल्यावरही त्याला जेमतेम 20 मिलीची मोकळीक आहे. दिवसाचा बराच वेळ तो धोक्याच्या वरच असणार.

रानजाई
हे कुणी असं समजावलंच नव्हतं. थापटणं बंद करून नळी आणि ऑक्सिब्युटिनिन दिवसातून तीनदा सुरू केलंय. पण दर वेळी 200 च्या आत काढायची तर दिवसातून सात-आठ वेळा नळी!

सिस्टर_माई
म्हणूनच गोळी. तिने पिशवी सैलावली की तेवढ्याच दाबात जास्त लघवी मावते. तोंड कोरडं पडेल, शौचाला घट्ट होईल, तेही सांभाळा. प्रत्येक वेळची वेळ आणि मिली वहीत लिहा. सुमारे तीन महिन्यांनी युरोडायनॅमिक परत करून घ्या. गळणं थांबलं एवढ्यावर थांबू नका, कोरडा राहूनही दाब चढलेला असू शकतो. गोळीने भागलं नाही तर पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. काही महिन्यांनी ती परत घ्यावी लागतात.

चाकांवरचा_मी
रात्रीचं काय ठरलं? मी झोपताना नळी लावून तिला लघवी साठवायची बाहेरची पिशवी जोडतो, सकाळी काढतो.

रानजाई
तेच अडलंय. पहाटे काढली तर 550 मिली निघते, आणि रात्री उठायला भाऊ तयार नाही. रात्रभर नळी ठेवावी का, हे सोमवारी डॉक्टरांना विचारते. दादा, तुम्ही तयार कसे झालात ते भावाला फोनवर सांगाल का? माझं तो ऐकत नाही.