मदत हवी आहे: भावाला सिगरेट सोडायच्या गोळ्या घ्यायच्या आहेत, पण पूर्वी एकदा फिट येऊन गेली आहे

मेघा_सिडको
नमस्कार. हे माझ्या मोठ्या भावाबद्दल आहे. वय ४४, सातपूरला लेथवर शिफ्टमध्ये काम. दिवसाला पंधरा-सोळा सिगरेटी. गेल्या महिन्यात कंपनीच्या तपासणीत छातीचा एक्स-रे काढला, तेव्हापासून त्याने सोडायचं मनावर घेतलंय. त्याच्या कंपनीतल्या मित्राची सिगरेट बुप्रोपिऑनच्या गोळ्यांनी सुटली. त्याच्याकडे उरलेली १५० ची पट्टी त्याने दादाला दिली. दादाने काल आणि आज सकाळी एकेक घेतली. तीन दिवसांनी दोन करायच्या, असं मित्राने सांगितलंय.

आमच्या ओळखीच्या फार्मासिस्टने व्हरेनिक्लिन नावाची दुसरी गोळी सुचवली, ती जास्त चांगली म्हणाले. माझी काळजी वेगळीच आहे. तीन वर्षांपूर्वी द्वारकाजवळ दादाच्या बाइकला अपघात झाला होता. डोक्याला मार लागला आणि हॉस्पिटलमध्येच एक फिट आली. वर्षभर फिटच्या गोळ्या चालू होत्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या. त्यानंतर काही त्रास नाही. फॅमिली डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी भेटतील. तोपर्यंत चालू ठेवावं का? दोन गोळ्यांत नेमका फरक काय?

रानवारा७१
ताई, दोन्ही गोळ्या डिप्रेशनच्या आहेत. डोकं फिरतं, जीव द्यावासा वाटतो, म्हणून खोक्यावर काळ्या चौकटीत इशारा असतो. माझ्या मेहुण्याने तीन दिवसांत टाकून दिल्या. त्यापेक्षा मनाचा निर्धार महत्त्वाचा.

पाथर्डीफाटा
मी व्हरेनिक्लिन घेऊन सोडली आहे, चौदा महिने झाले. पहिला आठवडा भयंकर गेला. सकाळी साडेसहाची शिफ्ट, मी उठल्या उठल्या चहाच्या घोटाबरोबर गोळी घ्यायचो आणि अंबडच्या गेटपर्यंत पोहोचेपर्यंत पोट ढवळून यायचं. दोनदा गाडी बाजूला घेऊन उलटी केली. गोळी सोसत नाही, असं ठरवून बंद करणारच होतो. मग डॉक्टरांनी विचारलं, खाऊन घेतोस का? तेव्हापासून पोळी-भाजी खाऊन आणि वर पूर्ण ग्लासभर पाणी पिऊन घेतली. मळमळ राहिली, पण उलटी थांबली. स्वप्नं मात्र अशी यायची की सकाळी बायकोला सांगायलाच अर्धा तास जायचा.

गोदाकाठ
मेघाताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, व्यसनमुक्तीचे रुग्ण बघतो. आधी एक विचारतो, उत्तर लगेच द्या. दादा दारू घेतात का? रोज घेतात का, आणि शेवटची कधी घेतली?

मेघा_सिडको
रोज रात्री क्वार्टर. पण श्रावण कडक पाळतो. परवा गटारी झाली, त्यानंतर थेंब नाही. म्हणूनच म्हणाला, दोन्ही एकदमच सोडतो. आज सकाळी चहा पिताना कपबशी खडखड वाजत होती. मला वाटलं सिगरेट कमी केल्यामुळे असेल.

गोदाकाठ
त्यांना उद्याची गोळी देऊ नका, आणि सोमवारची वाट बघू नका. आजच जवळच्या एमडी फिजिशियनना किंवा कॅज्युअल्टीत दाखवा. कारण सांगतो.

सिगरेट सोडणाऱ्याला तलफ येते, चिडचिड होते, झोप उडते. पण सकाळी कपबशी वाजावी इतके हात थरथरत असतील, तर मला आधी दारूच आठवते. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की मेंदू चेकाळतो, आणि शेवटच्या पेगनंतरच्या साधारण दोन दिवसांत फिट येऊ शकते. दादा आत्ता नेमके त्याच टप्प्यात आहेत. बुप्रोपिऑनही फिटचा उंबरठा खाली आणते. धडधाकट माणसाला ३०० पर्यंतच्या डोसला हा धोका साधारण हजारात एक, म्हणून ती सर्रास दिली जाते. पण पूर्वी फिटचा आजार असलेल्याला आणि रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक थांबवलेल्याला ती द्यायचीच नसते. डोक्याला मोठा मार लागलेल्यांतही ती शक्यतो टाळतात. दादांच्या बाबतीत दारू, मार आणि जुनी फिट हे सगळं एकत्र आलंय. त्यातून परवापासून डोस दुप्पट होणार होता.

दोनच गोळ्या झाल्यात, त्यामुळे बंद करताना हळूहळू कमी करण्याची गरज नाही. पण दारूचं तसं नाही. 'मग आज थोडी प्या' असंही घरी ठरवू नका, त्याला औषधं आहेत आणि ती डॉक्टरांनी द्यायची. घाम, उलट्या, भलतंसलतं दिसणं किंवा बडबड सुरू झाली तर थांबूच नका. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका आणि १०८ ला फोन करा.

मेघा_सिडको
निघतोय. नंतर लिहिते.

वणीची_लेक
माझ्या आईला चाळीस वर्षांपासून मिश्रीची सवय आहे. तिला यातली कोणती गोळी देऊ? आणि निकोटिनचं च्युइंगम म्हणजे हेच का?

गोदाकाठ
च्युइंगम वेगळं, त्यात निकोटिनच असतं. या दोन्ही गोळ्यांत निकोटिन नाही. मिश्री-तंबाखूसारख्या सवयींवर बुप्रोपिऑनचा उपयोग दिसलेला नाही. व्हरेनिक्लिनचा काही प्रमाणात दिसतो. पण आईंच्या किडनीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

रानवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे. बुप्रोपिऑन मुळात डिप्रेशनचं औषध आहे, व्हरेनिक्लिन नाही. काळ्या चौकटीतला इशारा अमेरिकेत २००९ साली आला होता. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर मोठी चाचणी झाली, त्यातले निम्मे मानसिक आजाराचे होते. गोळी घेणाऱ्यांत अशा गंभीर तक्रारी खोट्या गोळीवाल्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाल्या नाहीत. त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये सिगरेट सोडण्याबाबतची ती चौकट काढली. त्याच चाचणीत व्हरेनिक्लिनवर सोडणाऱ्यांचं प्रमाण बुप्रोपिऑनपेक्षा जास्त होतं. तरीही मन एकदम बदललं, उदास वाटू लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना सांगायचं, हे मी प्रत्येकाला बजावतो. मेहुण्यांनी टाकल्या हे चुकीचं नाही, डॉक्टरांना न विचारता टाकल्या ते चुकलं.

पाथर्डीफाटा
सर, ती गोळी नेमकी काय करते? मला पहिल्या आठवड्यात सिगरेट ओढायला परवानगी होती, पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती मातीसारखी लागायला लागली.

गोदाकाठ
एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. मेंदूत ज्या जागी निकोटिन जाऊन बसतं, तिथे व्हरेनिक्लिन आधी बसते. त्या जागेला ती थोडीशी चेतवते, निकोटिनइतकी नाही. त्या थोड्या चेतवण्याने तलफ सौम्य राहते. आणि वर कुणी सिगरेट ओढली तरी निकोटिनला जागा मिळत नाही, म्हणून मजा येत नाही. यासाठीच सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात: तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा दोनदा, मग एक मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. ही हळूहळूची चढण मळमळीसाठी आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस घेणारे उलट्या करतात आणि औषधाला नावं ठेवतात. संध्याकाळची गोळी झोपताना न घेता रात्रीच्या जेवणाबरोबर घेतली तर स्वप्नंही थोडी आवरतात.

बुप्रोपिऑनचा रस्ता वेगळा. ती मेंदूतलं डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनॅलिन जास्त वेळ टिकवते, त्यामुळे सिगरेट नसतानाची पोकळी कमी भासते. तोंड कोरडं पडतं, झोप उडते. दोन गोळ्यांत निदान आठ तास ठेवायचे आणि गोळी फोडायची-चावायची नाही, कारण आतलं सगळं औषध एकदम सुटलं की फिटचा धोका वाढतो.

झोपेवरून आठवलं, सिगरेट बंद झाली की चहातलं कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं. धुरामुळे लिव्हर ते भराभर साफ करत होतं, ते मंदावतं. दिवसाला सहा कप चहा तसाच चालू ठेवून लोक गोळीला दोष देतात. निम्मा करून बघा.

मेघा_सिडको
काल रात्री अकराला घरी आलो. बीपी १६०/१०० होतं, हातांना घाम. डॉक्टरांनी बुप्रोपिऑन बंद केली, दारू सुटण्यासाठीच्या गोळ्या पाच दिवस कमी-कमी करत दिल्या, व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शन दिलं. जुनी फिट आम्ही सांगितली तेव्हा त्यांनी पट्टी कुणी दिली ते विचारलं. दादा गप्प बसला. मित्रावर राग नाही, त्याच्या डोक्यात असं येणार तरी कसं. आज हात बरेच स्थिर आहेत.

सर, मग आता व्हरेनिक्लिन सुरू करता येईल का? की सिगरेट राहू द्यायची?

गोदाकाठ
वेळेत गेलात. बी-१ दिलं हेही उत्तम केलं.

व्हरेनिक्लिन 'बिनधास्त घ्या' असं मी म्हणणार नाही. तिच्यावर असतानाही काहींना फिट आल्याची नोंद आहे, म्हणून जुनी फिट असलेल्यांना ती जपून देतात. बुप्रोपिऑनइतकी पक्की मनाई नाही. शिवाय श्रावण संपल्यावर दादा पुन्हा प्यायला बसले, तर या गोळीवर काहींना थोड्याच दारूत नेहमीपेक्षा जास्त चढते, नंतर काय केलं ते आठवत नाही. ते त्यांना आत्ताच सांगा. आणि ही गोळी जवळजवळ सगळी लघवीतून बाहेर पडते, म्हणून क्रिएटिनिन करून घ्या. किडनी फार अधू असेल तर डोस निम्मा लागतो.

हाताची थरथर पूर्ण थांबल्यावर न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्या. अपघातानंतरची ती एकच फिट होती की मेंदूत जखमेचा व्रण आहे, यावर बरंच अवलंबून आहे. तोवर निकोटिनचं पॅच किंवा २ मिलिग्रॅमचं च्युइंगम डॉक्टरांना विचारा. तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे, समुपदेशन तिथून होतं.

रानवारा७१
म्हणजे शेवटी गोळी न घेता सोडलेलीच बरी, असंच ना?

पाथर्डीफाटा
रानवारा, मी चार वेळा निर्धारानेच सोडली होती. तिसऱ्या आठवड्याच्या पुढे कधी गेलो नाही. सगळ्यांचं सारखं नसतं.

मेघा_सिडको
न्यूरॉलॉजिस्टची तारीख पुढच्या गुरुवारी मिळाली. ईईजीसाठी केस धुऊन, तेल न लावता यायला सांगितलंय, आणि आदल्या रात्री कमी झोपायला. रात्रपाळीनंतर सरळ गेला तर चालेल का? सिगरेट सध्या दहावर आहे, च्युइंगम आजच आणलंय.