बैठकीच्या कच्च्या नोंदी, गोषवारा आणि ‘करण्यात येईल’

प्रश्नकर्ती (दिवाळी अंकाची समन्वयक)

आमची संस्था लहान आहे आणि दर वर्षी एक दिवाळी अंक काढते. मंगळवारी, १२ ऑगस्ट २०२५ रोजी अंकाच्या नियोजनाची बैठक झाली. संपादक, मांडणीकार, जाहिराती पाहणारे सहकारी आणि मी असे चौघे होतो, आणि नोंदी घेण्याचे काम आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेल्या विद्यार्थिनीकडे दिले होते. तिने लिहिलेले जसेच्या तसे देत आहे.

> मुखपृष्ठ – चित्रकार – बघू म्हणाले. परवापर्यंत.
> कथा ९ आल्या, ३ राहिल्या, फोन करणे. पुढच्या सोमवारी.
> पानं १९२ की २०८ – बरीच चर्चा. १९२.
> जाहिराती – गणपतीआधी दरपत्रक पाठवू.
> छपाई – दोन ठिकाणी दर मागवण्यात येतील. ठरलं?
> मुद्रितशोधन आपण करू.

यावरून सर्वांना पाठवता येईल असा मजकूर तयार करायचा आहे. त्याला इतिवृत्त म्हणावे, सारांश म्हणावे की गोषवारा? आणि ज्याला आपण बोलताना सर्रास ‘अ‍ॅक्शन आयटम’ म्हणतो, त्यासाठी कागदावर शोभेल असा मराठी शब्द कोणता?

अनुवादक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: ‘कृतिबिंदू’. पहिल्याबाबत माझे मत असे की इतिवृत्त हा शब्द ‘इति’ आणि ‘वृत्त’ यांपासून झालेला असल्याने त्यात घडलेले सगळे यावे लागते, आणि सारांशात फक्त निष्कर्ष येतो. आपल्याला निष्कर्ष हवा असल्याने ‘सारांश’ योग्य ठरेल. कामांच्या यादीला ‘करावयाची कारवाई’ असेही शीर्षक देता येईल. कारवाई हे कार्यवाहीचेच बोलण्यात झिजलेले रूप आहे.

गृहनिर्माण संस्थेचा सचिव

सभा झाली की इतिवृत्तच लिहावे लागते, त्यात निवड करण्याचा प्रश्न येत नाही. आमच्या संस्थेत प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात, ठराव सर्वानुमते की बहुमताने मंजूर झाला हे लिहिलेले असते, आणि पुढील सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असतो. आपल्या नोंदींमध्ये सूचकाचे नावच नाही. मागे एकदा आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव अनुमोदकाच्या नावाशिवाय लिहिला गेला, आणि त्यावरून पुढच्या सभेत दोन तास वाद झाला.

निवृत्त कक्ष अधिकारी

सचिवांनी सांगितलेली पद्धत त्यांच्या सभेसाठी बरोबर आहे, कारण तिथे ठराव हा पुढे कोणी आव्हान दिले तर दाखवायचा पुरावा असतो. इथे चौघांनी मिळून कामे वाटून घेतली आहेत, सूचक-अनुमोदकांची गरज नाही. शासकीय कार्यालयातही बैठकीच्या इतिवृत्तात ते नसतात. विषय, झालेली चर्चा, निर्णय आणि कार्यवाही कोणी करायची याची नोंद एवढे पुरते.

कारवाई आणि कार्यवाही यांची गल्लत मात्र करू नये. कारवाई हा फारसीतून आलेला शब्द आहे, तो कार्यवाहीची झीज होऊन तयार झालेला नाही. महाराष्ट्रातल्या कार्यालयीन मराठीत दोघांची कामे वेगळी झालेली आहेत: ‘पुढील आवश्यक ती कार्यवाही करावी’ असे लिहिले तर काम पुढे न्यावे असा अर्थ होतो, आणि ‘कारवाई करावी’ असे लिहिले तर वाचणारा आधी आपली चूक काय झाली ते शोधू लागतो. मांडणीकारांच्या नावापुढे ‘करावयाची कारवाई’ असा मथळा आला, तर त्यांना ते लागेल.

गोषवारा हाही फारसीतलाच शब्द असून तो हिशेबाच्या कागदांतून आपल्याकडे रुळला. पानभर रकमांची शेवटी जी थोडक्यात मांडणी करतात, ती म्हणजे गोषवारा. म्हणून मला तो सारांशापेक्षा इथे अधिक चपखल वाटतो. सारांश हा मजकुराचा असतो आणि त्यात एखादी बाब गळली तरी चालते. गोषवाऱ्यात मात्र प्रत्येक रक्कम कुठल्या तरी रकान्यात धरलेली असावी लागते. बैठकीत निघालेला प्रत्येक विषय ‘ठरले’, ‘ठरले नाही’ किंवा ‘अमुक व्यक्ती करील’ यांपैकी एका ठिकाणी बसलाच पाहिजे.

मांडणीकार (दुसऱ्या एका मासिकात काम करणारी)

नावापेक्षा या नोंदींतली क्रियापदे मला जास्त महत्त्वाची वाटतात. ‘चित्रकार – बघू म्हणाले’ या ओळीत बघू असे कोण म्हणाले? मराठीत आदरार्थी बहुवचनामुळे ‘म्हणाले’ हे चित्रकारांनाही लागू पडते आणि संपादकांनाही. चित्रकार म्हणाले असतील, तर त्यांच्या उत्तराची वाट पाहायची आहे. संपादक म्हणाले असतील, तर त्यांना अजून कोणी विचारलेलेच नाही. पहिल्या अर्थाने गोषवारा केला आणि खरा अर्थ दुसरा निघाला, तर सगळे जण चित्रकारांच्या फोनची वाट पाहत बसतील, आणि मुखपृष्ठाला किती वेळ लागतो हे अंक काढणाऱ्यांना ठाऊक आहे.

‘दर मागवण्यात येतील’ या कर्मणी रचनेत कर्ता पूर्णपणे लपतो. असे वाक्य कागदावर भारदस्त दिसते, पण त्यातून एकही फोन होत नाही. मी एक साधी कसोटी वापरते: कामाचे प्रत्येक वाक्य कर्तरी प्रयोगात लिहून पाहायचे. ‘मांडणीकार दोन छापखान्यांकडून दर मागवतील’ असे लिहायला घेतले की कर्त्याच्या जागी कोणाला बसवायचे हे माहीत नसल्यास तिथेच अडते, आणि अडले की विचारता येते. ‘फोन करणे’ यासारख्या ‘णे’कारान्त नोंदींचेही तसेच आहे.

अनुवादक

कारवाईबाबतची दुरुस्ती मान्य आहे. पण ‘मुद्रितशोधन आपण करू’ या ओळीत कर्ता आहे, वाक्यही कर्तरी आहे. ती ओळ तशीच ठेवता येईल.

निवृत्त कक्ष अधिकारी

मला ती ओळ सर्वांत धोक्याची वाटते. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा त्यात नसतो आणि ‘आपण’ म्हटले की तोही त्यात येतो. बोलताना हा भेद फार उपयोगी पडतो. शिवाय ‘आपण’ हे समोरच्या एकट्या व्यक्तीला आदराने म्हटलेलेही असू शकते. संपादकांनी आपल्याकडे पाहून ‘मुद्रितशोधन आपण करू’ म्हटले असेल, तर ‘बाहेरच्या माणसाला न देता संस्थेतच करू’ एवढाच त्याचा अर्थ असण्याची शक्यता जास्त आहे. म्हणजे तो धोरणाचा निर्णय झाला, काम अजून कोणाच्याही अंगावर पडलेले नाही. जिथे ‘आपण’ आणि भविष्यकाळ एकत्र येतात, तिथे ते वाक्य निर्णयाच्या रकान्यात ठेवावे आणि कामाच्या रकान्यात कर्त्याची जागा कोरी सोडावी. अंदाजाने नाव भरू नये.

काळवाचक शब्दांचेही तसेच. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. इथे ‘पर्यंत’मुळे पुढचा ठरतो, पण गोषवारा १३ तारखेला पाठवला आणि कोणी तो १४ला उघडला, तर परवा १४चा की १६चा? ‘येत्या सोमवारी’ लिहिले असते तर १८ ऑगस्ट हे निश्चित होते. ‘पुढच्या सोमवारी’ म्हणजे काही जणांना १८ आणि काही जणांना २५. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, पण ‘गणपतीआधी’ म्हणजे २६ तारीख धरणे व्यवहाराला धरून नाही, कारण त्या आठवड्यात जाहिरातदार जागेवर सापडणार नाहीत. वार आणि तारीख दोन्ही लिहावे. दोन्ही असले की एकात झालेली चूक दुसऱ्यावरून पकडता येते.

प्रश्नकर्ती

काल त्या विद्यार्थिनीला बरोबर घेऊन बसले. तिला आधी आठवेल तेवढे सांगायला लावले आणि उरलेल्या शंका त्याच दिवशी तिघांना विचारल्या. ‘बघू’ संपादक म्हणाले होते, चित्रकारांशी अजून कोणी बोललेलेच नव्हते. ‘ठरलं?’ हे तिचे प्रश्नचिन्ह मी आधी पुसणार होते, पण तेच सर्वांत उपयोगी पडले, कारण मांडणीकारांना वाटत होते की दर मी मागवणार आहे आणि मला वाटत होते की ते मागवणार आहेत. आता मजकूर असा झाला आहे:

> झालेले निर्णय : अंक १९२ पानांचा, म्हणजे सोळा पानी बारा फर्म्यांचा असेल. जाहिराती वाढल्यास तेरावा फर्मा घेऊन २०८ पाने करायची का, याचा निर्णय संपादक सोमवारी, १ सप्टेंबर रोजी घेतील. मुद्रितशोधन संस्थेतच होईल.
>
> कोणी, काय, केव्हा : संपादक गुरुवारी, १४ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत चित्रकारांना फोन करून मुखपृष्ठ करण्याबाबत विचारतील. उरलेल्या तीन कथालेखकांना समन्वयक सोमवारी, १८ ऑगस्ट रोजी फोन करतील. जाहिरात विभाग बुधवारी, २० ऑगस्टपर्यंत जाहिरातदारांना दरपत्रक पाठवील. मांडणीकार दोन छापखान्यांकडून १९२ आणि २०८ अशा दोन्ही पानसंख्यांचे दर शुक्रवारी, २२ ऑगस्टपर्यंत मागवतील.
>
> न ठरलेले : मुद्रितशोधन कोण करणार.

पानांवर बैठकीत पाऊण तास चर्चा झाली होती, पण गोषवाऱ्यात तिची दोन वाक्येच उरली. ते योग्य झाले का, याबद्दल मला अजून शंका आहे.

मांडणीकार

एक वाक्य कारणाचे घालावे. १९२ का ठरले हे लिहिले नाही, तर १ सप्टेंबरला तोच पाऊण तास पुन्हा जाईल. चर्चेत कोण काय म्हणाले ते येऊ नये, पण निर्णय ज्या कारणावर उभा आहे ते यावे. विद्यार्थिनीच्या नोंदीत ते नाही, कारण चर्चा रंगली तेव्हा ती ऐकत राहिली आणि शेवटचा आकडा तेवढा लिहिला. नवख्यांच्या नोंदींत असे नेहमी होते.

निवृत्त कक्ष अधिकारी

कारणाच्या वाक्याशी सहमत आहे. ‘संध्याकाळपर्यंत’ हा शब्द घातलात ते चांगले झाले; ‘२० ऑगस्टपर्यंत’ म्हटल्यावर २० तारीख धरायची की नाही, याबाबत मी कार्यालयात दोन्ही बाजूंनी वाद ऐकले आहेत, तेव्हा बाकीच्या तारखांनाही तो जोडावा. मूळ नोंदींचा कागद मात्र फेकू नये.

अनुवादक

‘कोणी, काय, केव्हा’ हे शीर्षक वाचल्यावर कृतिबिंदूचा आग्रह मी सोडत आहे, निदान लहान संस्थांपुरता. मोठ्या अहवालात मात्र एका शब्दाचीच गरज पडते, आणि तिथे ‘करावयाची कार्यवाही’ मला अजूनही लांबलचक वाटते.

गृहनिर्माण संस्थेचा सचिव

आमच्या इतिवृत्तात निर्णयापुढे नेहमी ‘समिती करील’ असेच लिहिलेले असते. वरची चर्चा वाचून टाकीच्या दुरुस्तीची नोंद पुन्हा काढून पाहिली. अनुमोदकाचे नाव नंतर घातले गेले होते, पण ठेकेदाराला पत्र कोणी पाठवायचे ते तिथेही नाही. पत्र पाठवणे हा ठरावाचा भाग मानायचा की ठरावानंतरचे काम? तसे असेल तर ते इतिवृत्तात कुठे लिहावे?